डब्यांच्या वहीतला रँक

दहावीला दोन चलांची समीकरणं आणि क्रेमरची पद्धत शिकवताना दरवर्षी एक जागा येते. निश्चयकाची किंमत शून्य निघते, भागाकार करता येत नाही आणि मुलं पेन खाली ठेवतात. ‘बाई, आता काय?’ या प्रश्नाचं खरं उत्तर रँक या कल्पनेत आहे. ती मुलांना पुढे पदवीला किंवा इंजिनिअरिंगला मॅट्रिक्सबरोबर भेटते. पण तिचा गाभा दहावीतल्या मुलांना नक्की कळतो. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी तो डब्यांच्या वहीवरून शिकवते. त्या तासांनी मला जे शिकवलं, ते इथे लिहिते.

१. तक्ता आधी, व्याख्या नंतर

वर्गातल्या एका मुलीची आई बचत गटातल्या बायकांबरोबर डबे करते. ऑर्डर येते ती डब्यांची, पण वहीत मात्र पदार्थ लिहिले जातात, कारण पहाटे पीठ मळणाऱ्या बाईला पोळ्या किती आणि भाकरी किती एवढंच हवं असतं. त्या वहीच्या धर्तीवर सोपे आकडे घेऊन मी फळ्यावर तक्ता काढते.

| | पोळी | भाकरी | भाजी (वाटी) | वरण (वाटी) |
|---|---|---|---|---|
| जिनिंग | २० | २० | १५ | ५ |
| बँक | २४ | ४ | ८ | ६ |
| वसतिगृह | ४४ | २४ | २३ | ११ |
| दवाखाना | १२ | २ | ४ | ३ |

डब्यांचे प्रकार किती, ते मी सांगत नाही. सोळा आकडे आहेत, यांपैकी खरे लागतात किती, एवढाच प्रश्न टाकते. रँक हा शब्द फळ्यावर लगेच लिहिला तर मुलं पहिला नंबर, दुसरा नंबर शोधू लागतात आणि तास वाया जातो.

२. ओळी मुलांनाच खोडू द्याव्यात

नियम एकच. जी ओळ उरलेल्या ओळींवरून बनवता येते, ती खोडायची. बनवायचं म्हणजे ओळीला एखाद्या संख्येनं गुणायचं आणि ओळींची बेरीज किंवा वजाबाकी करायची, बस.

मागच्या बाकावरचा एक मुलगा पहिल्यांदा बोलला, “बाई, बँक ते दवाखानानी दुप्पट शे!” दवाखान्याची ओळ गेली. मग वसतिगृहाची गेली, कारण जिनिंग आणि बँक यांची बेरीज केली की तीच ओळ येते. पोळ्या ४४, भाकरी २४, भाजी २३, वरण ११. उरल्या जिनिंग आणि बँक.

दुसऱ्या गटाने मात्र वेगळ्याच दोन ओळी राखल्या होत्या, वसतिगृह आणि दवाखाना. त्यांनी बँक खोडली, कारण ती दवाखान्याची दुप्पट. जिनिंगही खोडली, कारण वसतिगृहातून दवाखान्याची दुप्पट वजा केली की जिनिंग मिळते. दोन्ही गट आपलंच बरोबर म्हणून भांडायला लागले. हे भांडण मी मिटवत नाही, चांगलं रंगू देते. शेवटी कोणीतरी म्हणतंच, “पण उरल्या दोनच ना?” कोणत्याही टोकाने सुरुवात करा, कोणत्याही क्रमाने खोडा, शेवटी उरणाऱ्या ओळींची संख्या बदलत नाही. न बदलणारी ही संख्या म्हणजे त्या तक्त्याचा रँक. आपल्या तक्त्याचा रँक २.

एक गोष्ट बजावून सांगावी लागते. कोणत्याही दोन ओळी ठेवून चालत नाही. बँक आणि दवाखाना राखले तर त्या दोघांत मिळून एकाच ओळीएवढी माहिती आहे, आणि जिनिंग त्यांच्यातून कधीच निघणार नाही.

३. मग तक्ता उभा वाचायला सांगावा

हाच खेळ रकान्यांवर खेळायचा. वरणाच्या रकान्याला चारने गुणलं की पोळ्यांचा रकाना येतो. भाकरीच्या रकान्याचं अर्धं करून त्यात वरण मिळवलं की भाजी येते. जिनिंगला पाहा: २० भाकरींचं अर्धं १० आणि वरण ५, म्हणून भाजी १५. इथेही दोनच रकाने उरतात.

आडवं खोडून दोन, उभं खोडूनही दोन, हा योगायोग आहे का, असं मी विचारते. पदवीच्या पुस्तकात याची सिद्धता असते, पण डब्यांच्या वहीत कारण उघड दिसतं. बायका डबे दोनच प्रकारचे करतात. साधा डबा म्हणजे चार पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण. भाकरीचा डबा म्हणजे कळण्याच्या दोन भाकरी आणि एक वाटी भाजी, वरण नाही. जिनिंगला ५ साधे आणि १० भाकरीचे गेले, बँकेला ६ आणि २, वसतिगृहाला ११ आणि १२, दवाखान्याला ३ आणि १. प्रत्येक ओळ या दोन डब्यांची बेरीज आहे, आणि प्रत्येक रकाना या दोन प्रकारांच्या संख्यांवरून भरला आहे. म्हणून आडवं-उभं काहीही मोजलं तरी दोनच्या वर जाता येत नाही. उद्या बँकेसारखी आणखी पन्नास ठिकाणं जोडली गेली तरी रँक दोनच राहील. तिसऱ्या प्रकारचा डबा सुरू झाला, समजा बट्टी-वांग्याचा, तरच तो वाढेल.

४. रँक चूक दाखवतो, पण सगळ्या चुका नाही

जिनिंगच्या ओळीत भाजी १५ ऐवजी १३ लिहिली गेली असं धरा. आता वसतिगृहाची ओळ बेरजेने जुळत नाही, भाजीचा रकानाही वरण-भाकरीवरून निघत नाही. रँक एकदम ३ होतो. एका आकड्याने सगळी वीण उसवते आणि ते मुलांना लगेच दिसतं. चूक नेमकी कुठे आहे, तेही सापडतं. भाजी बरोबर अर्धी भाकरी अधिक वरण, हा मेळ बाकी तिन्ही ओळींत बसतो, जिनिंगच्याच ओळीत बसत नाही.

पण इथे थांबून दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. जिनिंगवाल्यांनी खरोखरच दोन वाट्या भाजी कमी सांगितली असेल तरीही रँक ३ होतो. चूक की मागणी, हे तक्ता सांगत नाही, त्यासाठी फोनच करावा लागतो. आणि एखादा अख्खा साधा डबा लिहायचाच राहिला, तर चार पोळ्या, एक भाजी, एक वरण सगळंच मेळाने कमी होतं. रँक दोनच राहतो आणि एक माणूस उपाशी राहतो. ही दुसरी मर्यादा मुलांना फार लागते, त्यावर वर्ग गप्प होतो.

५. बिलावरून पोळीचा भाव निघत नाही

निश्चयक शून्य आल्यावर काय, या प्रश्नाकडे आता वळता येतं. साधा डबा ७० रुपये आणि भाकरीचा ६० रुपये धरला तर जिनिंगचं बिल ९५०, बँकेचं ५४०, वसतिगृहाचं १,४९० आणि दवाखान्याचं २७० रुपये होतं. मुलांना फक्त तक्ता आणि बिलं द्यायची आणि पोळी, भाकरी, भाजी, वरण यांचे सुटे भाव काढायला सांगायचं. चार अज्ञात, चार समीकरणं, म्हणजे उत्तर येणारच, अशी त्यांची खात्री असते.

एक गट सांगतो: पोळी १०, भाजी २०, वरण १०, भाकरी २०. दुसरा गट सांगतो: पोळी ८, भाजी २०, वरण १८, भाकरी २०. दोन्हींनी चारही बिलं रुपयाला रुपया जुळतात! समीकरणं दिसायला चार असली तरी कामाची दोनच आहेत. चारातून दोन गेले, म्हणजे दोन भाव आपल्या मर्जीने ठरवता येतात. रोज बिल आलं, वर्षभर आलं, तरी या वहीतून पोळीचा भाव कळणार नाही.

याच्या उलटही घडतं. दवाखान्याचं बिल २७० ऐवजी २८० आलं, तर बँकेचं बिल त्याच्या दुप्पट राहत नाही. मग कोणतेच भाव चालत नाहीत. निश्चयक शून्य आला की या दोनच वाटा असतात: उत्तरं असंख्य, नाही तर एकही नाही. क्रेमरच्या पद्धतीपाशी थांबलेल्या मुलांना मी इथे परत आणते.

६. शाळेच्या ओसरीवरचं उदाहरण

शालेय पोषण आहाराच्या प्रमाणात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. दुसरी ओळ पहिलीच्या नेमकी दीडपट आहे, म्हणून रँक १. एकूण धान्यावरून डाळ आणि तेल काढता येतं, पण लहान मुलं किती जेवली आणि मोठी किती, हे त्या आकड्यांवरून कधीच निघत नाही.

धुळे जिल्ह्यात शिंदखेड्याकडे शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने प्रत्यक्ष तोललेले आकडे घेऊन हा तास घेतला आणि तिच्या तक्त्यात काहीच खोडलं जाईना. तसंच होणार. काट्यावरचे दहा-वीस ग्रॅम इकडे-तिकडे झाले की मेळ काटेकोर राहत नाही. मोजलेल्या, म्हणजे पोळ्या-वाट्यांच्या आकड्यांवर आधी शिकवावं. तोललेल्या आकड्यांत ‘जवळपास जुळतं का’ हे पाहावं लागतं आणि ते पुढचं शिक्षण आहे.

७. चौघांची जनावरं

मॅट्रिक्स हा शब्द सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये वापरला, रँक ही संज्ञा फ्रोबेनियसने १८७९ मध्ये रूढ केली. पण उत्तर कधी एकच येतं आणि कधी मोकळं राहतं, हा विचार आपल्या ओळखीच्या मुलखात फार आधी झालेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ काढला. तसा शिलालेख तिथे आहे, काळ १२०७ च्या सुमारासचा.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात चार माणसांचं एक उदाहरण आहे. चौघांकडे घोडे ५, ३, ६, ८; उंट २, ७, ४, १; खेचरं ८, २, १, ३ आणि बैल ७, १, २, १. चौघांची संपत्ती सारखी, तर प्रत्येक जनावराची किंमत काय? अज्ञात चार, पण ‘सारखी’ या शब्दातून समीकरणं निघतात तीनच. म्हणून किमतींचं प्रमाण ठरतं, किमती ठरत नाहीत. लहानात लहान पूर्णांक उत्तर घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४ असं येतं आणि प्रत्येकाची संपत्ती ८५३ होते. सगळ्या किमती दुप्पट केल्या तरी उत्तर तितकंच बरोबर.

खानदेशातल्या गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पाटणादेवीला सहल नेता, तेव्हा दर्शन आणि डबा झाला की झाडाखाली बसून हे उदाहरण मुलांकडून सोडवून घ्या.