स्कॅन पुसले, तरी प्रत उरते कुठे?

प्रश्न : भाच्याला आठवडाभर फोन द्यायचा आहे. आधार, पॅन, सातबारा मी गूगल ड्राइव्हच्या कॅमेऱ्याने स्कॅन केले आहेत. अ‍ॅप काढून टाकलं की झालं ना?

उत्तर : नाही. ते स्कॅन फोनमध्ये नव्हे, तुमच्या गूगल खात्यात असतात. भाच्याने ब्राउझरमधून ड्राइव्ह उघडलं, तरी सातबारा समोर हजर!

ड्राइव्हच्या शोधपट्टीत `type:pdf` लिहा, म्हणजे स्कॅन एकत्र दिसतील. त्यातलं हवं ते आधी घरच्या संगणकावर उतरवून घ्या, कारण इथून पुसलेलं तुमच्या सगळ्या उपकरणांवरच्या ड्राइव्हमधून जातं. पुसलेली फाइलही लगेच नाहीशी होत नाही. ती ३० दिवस ट्रॅशमध्ये पडून राहते. म्हणून ट्रॅश उघडून तिथूनही कायमची काढा.

खरा घोळ पाठवलेल्या प्रतींचा. बँकेला व्हॉट्सअ‍ॅपवर पॅन पाठवलं असेल, तर त्याची प्रत फोनमध्ये `WhatsApp Documents` फोल्डरच्या आतल्या `Sent` मध्ये असू शकते. ड्राइव्ह धुऊन काढलं, तरी ती हलत नाही. फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर आणि `Download` दोन्ही तपासा. बँकेकडे गेलेली प्रत मात्र तुमच्या हातात नाही.

आठवड्याचाच प्रश्न असेल, तर मी पुसापुशीत पडणार नाही. सेटिंग्जमधून गूगल खातं फोनवरून काढतो. स्कॅन खात्यात सुखरूप राहतात. पासवर्ड पाठ आहे ना, तेवढं आधी बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा तो फोल्डर मात्र तरीही रिकामा करावा लागेल.