फ्रेंच लग्नातील सहा वाक्ये : अनुभवाचे बोल

फ्रान्समधील लग्नात इंग्रजी पद्धतीच्या ‘बेस्ट मॅन’शी सर्वांत जवळचे नाते ‘तेम्वॅँ’ म्हणजे साक्षीदाराचे असते. नगरपालिकेत होणाऱ्या कायदेशीर विवाहास किमान 2 आणि कमाल 4 साक्षीदार लागतात, आणि रात्रीच्या जेवणात चषक उंचावून चार शब्द बोलण्याची अपेक्षाही बहुधा त्यांच्याकडूनच केली जाते.

या भाषणात परभाषकाची फजिती अवघड शब्दापेक्षा सरावाच्या शब्दामुळे होण्याचा संभव अधिक असतो. फ्रेंचमध्ये मराठी ‘ऊ’सारखा एक स्वर आहे, तर दुसऱ्या एका स्वरात ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून जीभ मात्र ‘ई’च्या जागी न्यावी लागते. प्रस्तुत लेखकाने हा दुसरा स्वर परिश्रमपूर्वक घोटला आणि एका मित्राच्या लग्नात तो ‘मेर्सी बोकू’ या आभाराच्या शब्दांतही लावला. वास्तविक तेथे साधा ‘ऊ’ हवा असल्याने ‘फार आभार’ याऐवजी ‘आभार, सुंदर पार्श्वभाग’ असा अर्थ ऐकू गेला आणि विनोद सांगण्यापूर्वीच हशा पिकला.

यावरचा उपाय म्हणजे तो स्वर मुळातच नसलेली वाक्ये निवडणे. पुढील मसुद्यातील चंद्रबिंदू नाकातून निघणारा स्वर दर्शवतो. तेथे जीभ टाळूला लागून ‘न्’ ऐकू आल्यास उच्चार चुकला असे समजावे.

‘बोँस्वार, मेझामी. मोँ फ्राँसे ए पती, मोँ दिस्कूर ओसी. (वराचे नाव) आ दी : पार्ल. (वधूचे नाव) आ दी : पा लोँताँ. से तेल की देसीद! वीव ले मार्ये!’

याचा आशय असा : ‘शुभ संध्या, मित्रहो. माझे फ्रेंच छोटे आहे, भाषणही तसेच. वर म्हणाला, बोल. वधू म्हणाली, फार वेळ नको. निर्णय तिचाच! वधूवरांचा जयजयकार!’

‘छोटे’ या अर्थाचा ‘पती’ हा शब्द मराठी ‘पती’प्रमाणेच उच्चारावा, कारण फ्रेंच ‘त’ दंत्य आहे आणि इंग्रजीच्या सवयीने तेथे ‘ट’ आणणे अनावश्यक आहे. फ्रेंच ‘र’ घशातून येत असला तरी मराठी ‘र’ने अर्थ बिघडत नाही. विनोदात नावेच घ्यावीत, कारण ‘वर’ आणि ‘वधू’ या दोहोंसाठी ‘मार्ये’ असाच उच्चार असून भेद केवळ आधीच्या ‘ल’ आणि ‘ला’ या उपपदांनी कळतो, आणि ते घाईत पुसट झाल्यास कोण काय म्हणाले हेच समजत नाही. ‘पा लोँताँ’ नंतर मात्र क्षणभर थांबावे.

अखेरची कसोटी म्हणून मसुदा न दाखवता तो एखाद्या फ्रेंच भाषकास ऐकवावा आणि ऐकू आले ते त्यास लिहून काढण्यास सांगावे. कौतुकाने ‘छान’ म्हणणारा श्रोता जी चूक लपवतो, ती या कागदावर उमटते.