बैठकीआधी तारीख बदलून घेण्याची कृती

जपानी कंपनीत प्रस्ताव थेट बैठकीत मांडला की तो अडकलाच समजा. बैठक बहुधा आधी ठरलेल्यावर शिक्कामोर्तब करण्यासाठी असते. त्याआधी एकेकाला भेटून सहमती जुळवणे म्हणजे नेमावाशी. ही सहमती जुळवताना होरेन्सो ही संवादाची पद्धतही लागते. तिच्यात तीन कामे येतात: होकोकु म्हणजे वरिष्ठांना अहवाल, रेनराकु म्हणजे संबंधितांना खबर आणि सोदान म्हणजे सल्लामसलत.

समजा, तुम्ही टोकियोतल्या कंपनीत आहात. बिलिंगची नवी प्रणाली ३१ मार्चला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या अखेरीस, सुरू व्हायची आहे. चाचण्या रेंगाळल्यामुळे ती एप्रिलअखेरीच्या ‘गोल्डन वीक’ सुट्ट्यांत न्यायची आहे.

१. आधी सोदान. उशीर होणार असे दिसताच आपल्या काचोला, म्हणजे विभागप्रमुखाला, गाठा. कारण, दोन पर्याय आणि आपली शिफारस एका पानावर मांडा. त्याला डावलून बुचोकडे, म्हणजे त्याच्या वरिष्ठाकडे, जाऊ नका.

२. कोणाचे काम अडेल ते लिहून काढा. इथे सर्वाधिक झळ लेखा विभागाला बसेल, म्हणून तिथल्या काचोला सगळ्यांत आधी, एकट्याला भेटा. ‘तुमचे काय अडेल?’ एवढेच विचारा आणि ऐका.

३. नकार ओळखा. ‘मुझुकाशी देसु ने’ (अवघड आहे) हा बहुतेकदा नकारच असतो. ‘केन्तो शिमासु’ (विचार करतो) याला होकार समजू नका. नेमकी अडचण विचारा. लेखावाल्यांची भीती अशी, की एप्रिलची बिले अर्धी जुन्या आणि अर्धी नव्या प्रणालीत निघाली तर ताळमेळ बसणार नाही.

४. कागद बदला. ‘एप्रिलची सगळी बिले जुन्या प्रणालीतून, मेपासून नवीन’ अशी ओळ घाला. आधी भेटलेल्यांनाही सुधारित पान पुन्हा दाखवा. हे राहिले की माणूस बैठकीत दुखावतो. शेवटी काचोसोबत बुचोला भेटा.

५. बैठकीत सगळ्यांनी पाहिलेलेच पान ठेवा. नवा मुद्दा काढू नका. कोणी अनपेक्षित आक्षेप घेतला तर कोणीतरी भेटायचे राहिले असे समजा. वाद न घालता प्रस्ताव मागे घ्या आणि त्या माणसाला बैठकीनंतर गाठा.

६. मंजुरीनंतर त्याच दिवशी रेनराकु करा: नवी तारीख आणि बिलांची व्यवस्था सगळ्यांना एकसारख्या शब्दांत, स्वतःचे मत न घालता कळवा. पुढचे होकोकु काम सोपवणाऱ्याला, त्याने विचारण्याआधी. पहिले वाक्य निष्कर्षाचे: ‘चाचण्या दोन दिवस मागे आहेत, तारीख टिकेल.’ कारणे नंतर.

मर्यादा: सर्व्हर बंद पडला असेल तर नेमावाशीला वेळ नसतो; बिघाडाचे कारण सापडले नसले तरी लगेच होकोकु करा. शिवाय खरा वाद खासगी भेटींत होत असल्याने इतिवृत्तात तो दिसत नाही. कोणाच्या आक्षेपामुळे काय बदलले, याची तारखेसह नोंद स्वतःजवळ ठेवा. पुढच्या वर्षी माणसे बदलली की तोच प्रश्न पुन्हा निघतो.