कुठल्या ओळीखाली कागद हवा

चिमे, तुझा बायोडेटा वाचला. चाकणच्या कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी बोलावलंय म्हटल्यावर तू फाइल भरायला घेतली असशीलच. दहावीच्या मार्कलिस्टपासून कॉलेजच्या निबंधस्पर्धेपर्यंत सगळं त्यात कोंबू नकोस. समोरचा माणूस एवढं बघत नाही. मी गेली काही वर्षं आमच्या ऑफिसात अशा मुलाखतींना टेबलाच्या त्या बाजूला बसते, म्हणून सांगते. तो बायोडेट्यातल्या चार-पाच ओळींवरच बोट ठेवतो. त्या कुठल्या, ते तुला घरीच ओळखता येईल.

पेन्सिल घे आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचार: हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या दप्तरात लिहिलेलं आहे का? विद्यापीठाच्या, पीएफ ऑफिसच्या, बँकेच्या, जुन्या साहेबांच्या? असेल, तर ती ओळ ते तपासू शकतात, म्हणून तिच्याखाली रेघ मार. नसेल, तर कागद शोधत बसू नकोस. ‘टॅली आणि एक्सेल उत्तम’ या ओळीला सर्टिफिकेट लागत नाही. तुला कॉम्प्युटरसमोर बसवतील, दोन याद्या देतील आणि ताळमेळ घाल म्हणतील. ‘मेहनती, मनमिळाऊ’ ही ओळ तर काढूनच टाक, ती कुणी वाचत नाही.

आता तुझ्या तारखांकडे ये. माझं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच गेलं. तू लिहिलंयस: जून २०२१ ते मार्च २०२४ सांगलीत सीएंच्या ऑफिसात, आणि एप्रिल २०२४ पासून आत्ताच्या ट्रेडिंग कंपनीत. वाचायला सरळ आहे. पण ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर यूएएनने लॉगिन करून `View` मध्ये `Service History` उघड. तिथे तुझ्या नावावर पीएफ भरणारी प्रत्येक कंपनी आणि तिच्या तारखा दिसतात. बऱ्याच कंपन्या उमेदवाराकडून हीच नोंद मागतात, आणि बायोडेट्याच्या शेजारी ठेवून वाचतात.

तुझ्या बाबतीत तिथे तीन गोष्टी दिसतील. पहिली, सीएंच्या ऑफिसचं नावच नसेल. त्यात काही वावगं नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या ऑफिसला पीएफ सहसा सक्तीचा नसतो, आणि सरांकडे तुम्ही सात-आठ जण होतात. पण मग त्या पावणेतीन वर्षांचा पुरावा तुलाच द्यावा लागेल: सरांचं अनुभवपत्र, आणि तुझ्या खात्यात दरमहा पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. फॉर्म १६ किंवा २६एएस शोधू नकोस. तुझा पगार करपात्र नव्हता, टीडीएस कापलाच नसेल तर तिथे काही दिसणार नाही.

दुसरी गोष्ट, ट्रेडिंग कंपनीची सुरुवात तिथे जून २०२४ दिसेल, कारण पहिले दोन महिने त्यांनी तुला ‘ट्रायल’वर ठेवून पीएफ भरलाच नव्हता. तू फोनवर हे वैतागून सांगितलं होतंस, आठवतंय? बायोडेट्यातला एप्रिल खराच आहे, पण नोंद जून म्हणते, आणि दोन महिने वाढवून लिहिले असा संशय येतो. म्हणून एप्रिलचं नेमणूकपत्र आणि एप्रिल-मेचे पगार जमा झालेलं स्टेटमेंटचं पान एकत्र ठेव. विचारलं की, ‘पीएफ तिसऱ्या महिन्यापासून सुरू झाला, हे नेमणूकपत्र,’ एवढंच बोल. कंपनीने पीएफ का उशिरा भरला, यावर तू भाषण द्यायचं नाही.

तिसरी गोष्ट तुझ्या ध्यानातही नसेल. बी.कॉम. झाल्या झाल्या २०२० मध्ये तू कोल्हापूरला त्या कपड्यांच्या शोरूममध्ये पाच महिने बिलिंगला होतीस. बायोडेट्यात ते नाही. पण त्यांनी पीएफ भरला होता, म्हणजे सर्व्हिस हिस्टरीत ते आहे. आणि तू अचानक सोडल्यामुळे सोडल्याची तारीख बहुतेक कोरी असेल. वाचणाऱ्याला वाटतं, ही अजून तिथे नोकरीला आहे की काय! मग तो ‘आणखी कुठे काम केलं होतं का?’ असं सहज विचारतो. तू ‘नाही’ म्हणालीस की तिथेच अडकलीस. ती ओळ बायोडेट्यात घाल, ‘बिलिंग, पाच महिने’ एवढीच. आणि कोरी तारीख तू स्वतः भरू शकतेस: `Manage` मध्ये `Mark Exit` आहे. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झालेले असले की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि काम होतं. हे मुलाखतीच्या आदल्या रात्री करायचं नाही, आजच कर.

आता तुझ्या आवडत्या ओळी. ‘४० क्लायंटचे जीएसटी रिटर्न भरले.’ आकडा दिसला की मुलाखत घेणारा आत शिरतोच. तो विचारेल, चाळीस म्हणजे चाळीस नोंदण्या, की महिन्याला चाळीस रिटर्न? त्यातले मासिक किती आणि तिमाही किती? तू मला सांगितलं होतंस त्यावरून बावीस मासिक होते आणि अठरा तिमाही योजनेतले, पाच कोटींच्या आतल्या उलाढालीचे. हेच सांग. मासिकवाल्यांचा जीएसटीआर-१ अकरा तारखेला, ३बी वीस तारखेला. तिमाहीवाल्यांचा महाराष्ट्रात ३बी बावीसला, आणि मधल्या दोन महिन्यांत पंचवीसपर्यंत चलन. या तारखा ज्याने काम केलंय त्याच्या तोंडात असतात. ‘भरले’ हा शब्द मात्र बदल. रिटर्न करदात्याच्या ओटीपीने किंवा डिजिटल सहीने दाखल होतं. तू ते तयार करून सरांना तपासायला देत होतीस. ‘तयार केले’ लिही. क्रियापद तुझ्या कामापेक्षा मोठं असेल तर त्याखालचा कागद तुला कुठेच मिळणार नाही.

मग पुरावा काय न्यायचा? इथे बरीच मुलं घसरतात. पोर्टलवरच्या पोचपावत्यांचे स्क्रीनशॉट, क्लायंटची २बीची एक्सेल, खरेदीची यादी असलं काही फाइलला लावून आणतात. तू यातलं एकही पान नेऊ नकोस. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देणं हे सीएसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टातच ते लिहिलंय. तुझ्या फाइलमुळे सर अडचणीत येतील. आणि मी त्या खुर्चीत असते तेव्हा असं पान बघून मला एकच वाटतं: आज ही जुन्या मालकाचे कागद दाखवतेय, उद्या आमचे दाखवेल.

त्याऐवजी सरांच्या अनुभवपत्रात ते वाक्य येऊ दे. नुसतं ‘अकाउंट्स असिस्टंट म्हणून काम केले, वर्तणूक चांगली’ असं पत्र तारखेच्या ओळीला पुरतं, चाळीसच्या ओळीला पुरत नाही. सरांना मजकूर लिहूनच दे: ‘सुमारे ४० जीएसटी नोंदणीधारकांची मासिक व तिमाही विवरणपत्रे तयार करणे आणि २बीशी खरेदीचा ताळमेळ घालणे हे काम त्यांच्याकडे होते.’ क्लायंटचं नाव कुठेच नको. पत्र लेटरहेडवर, फर्मचा नोंदणी क्रमांक, सरांची सही, शिक्का आणि तारीख. सर आकडा घालायला तयार नसतील, तर बायोडेट्यातूनही काढ. त्यांना आठवत नाही ते तू बाहेर ठासून सांगायचं नाही.

‘३ लाखांचा आयटीसी वाचवला’ ही ओळ तर मला झोपू देईना. ‘वाचवला’ म्हणजे काय केलंस नेमकं? पुरवठादाराने बिल त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं नव्हतं, चौदा तारखेला तयार होणाऱ्या २बीत ते आलं नाही, तू ताळमेळ घालताना पकडलंस आणि फोन करून करून त्याच्याकडून भरून घेतलंस. काम चोख. पण समोरचा विचारेल, पुढच्या महिन्यात त्याने आपोआप दाखवलं असतं तर? मग वाचलं काय, एक महिना? खरंच वाचलं असं तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा पाठपुरावा केला नसता तर मुदत टळली असती. ती मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर ती तारीख. तुझी ती तीन लाखांची बिलं जुन्या वर्षाची होती आणि तू ऑक्टोबरमध्ये मागे लागली होतीस का? असेल तर ओळ तशीच लिही, वर्ष आणि महिन्यासकट, आणि सरांच्या पत्रात एक वाक्य मिळालं तर फारच बरं. चालू वर्षातली असतील तर ‘२बीत न आलेल्या बिलांचा पाठपुरावा’ एवढंच लिही आणि रकमेला हात लावू नकोस. दाखवायला काही हवंच असेल तर कोऱ्या कागदावर खोटी नावं आणि खोट्या रकमा घालून तुझी ताळमेळाची पद्धत मांडून ने. माझ्या मते तो कागद सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतो.

शिक्षणाच्या ओळीवर फार बोलायची गरज नाही. ‘एम.कॉम.’ नुसतं लिहिलंयस, पण शेवटच्या सत्राचा निकाल यायचाय, तेव्हा तसंच लिही. आणि मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये हवाच. राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर ती प्रतही.

पगाराची ओळ मात्र दुरुस्त कर. पंचवीस हजार लिहिलंयस, पण त्यात दिवाळीचा बोनस बाराने भागून मिळवलायस, हो ना? शेवटच्या तीन पगारचिठ्ठ्यांवर आणि स्टेटमेंटवर तो आकडा दिसणार नाही. चिठ्ठीवर आहे तोच मासिक पगार लिही आणि बोनस वेगळा सांग.

मूळ कागद एका फोल्डरमध्ये, स्वतः सही केलेल्या झेरॉक्स दुसऱ्यात. बायोडेट्यात ओळी ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने लाव. मागितल्याशिवाय पुढे करू नकोस. मूळ कागद बघायला दे, पण ठेवून घ्यायला देऊ नकोस.

आणि एक. ऑफर देण्याआधी ते सरांना फोन करतील. आत्ताच्या कंपनीला मात्र राजीनाम्याआधी फोन करू नका, असं तू स्पष्ट सांग, ते समजून घेतात. सरांना तू आधीच कळवून ठेव, पत्राचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप कर. फक्त आज सतरा तारीख आहे. वीस तारखेपर्यंत त्यांना फोन लावलास तर पत्र राहू दे बाजूला, ३बी करायला परत बोलावून घेतील. एकवीसला सकाळी कर.