पत्ता कापायचा कुठे?

मनू, मिडटर्मच्या सरावाचा जो कागद तू पाठवलास, तो नीट बघितला. पेज टेबल तू बरोबर वाचतेस गं. गडबड त्याच्या आधी होते, पत्ता कापताना. तेवढंच आज बोलू.

तुझाच प्रश्न घे. लॉजिकल पत्ता १६ बिटांचा, पेज २ केबीचं, फिजिकल मेमरी ३२ केबी. पत्ता आहे `0x2ABC`. तू पहिला अंक 2 हा पेज नंबर धरलास आणि `ABC` ऑफसेट. वर्गात बहुतेक उदाहरणं ४ केबीच्या पेजची असतात, त्यात ऑफसेट १२ बिटांचा, म्हणजे हेक्सचे नेमके तीन अंक, म्हणून ही सवय लागते. इथे २ केबी म्हणजे २०४८ बाइट, म्हणून ऑफसेट ११ बिटांचा. काप हेक्सच्या अंकाच्या मधूनच जातो. तेव्हा आधी बायनरीत लिही आणि उजवीकडून ११ बिट मोज:

```
0x2ABC = 00101 | 01010111100
```

डावीकडे पेज ५, उजवीकडे ऑफसेट ७००. खात्री हवी असेल तर `0x2ABC` म्हणजे १०९४०, त्याला २०४८ ने भाग. भागाकार ५, बाकी ७००.

आता टेबलात पेज ५ समोर फ्रेम ९ आहे. मेमरी ३२ केबी, म्हणजे फिजिकल पत्ता १५ बिटांचा. त्यातले ११ ऑफसेटचे, उरले ४. म्हणून ९ चार बिटांत लिही, `1001`, आणि त्याला तोच ऑफसेट जोड. पेज नंबर ५ बिटांचा होता म्हणून फ्रेमही ५ बिटांची असेल, असं मात्र धरू नकोस.

```
1001 | 01010111100 = 0x4ABC
```

९ × २०४८ + ७०० = १९१३२, तोच आकडा. पेपर देण्याआधी दोन गोष्टी बघ: शेवटचे ११ बिट मूळ पत्त्यातल्यासारखेच आहेत ना, आणि उत्तर ३२७६८ च्या आत आहे ना. ऑफसेट बदलला असेल तर चूक नक्की तुझीच.

आणि पेज ५ समोरचा व्हॅलिड बिट ० असेल तर फिजिकल पत्ता काढूच नकोस. फ्रेमच्या रकान्यात आकडा दिसला तरी तो निरर्थक असतो. उत्तर ‘पेज फॉल्ट’ एवढंच.

सरावासाठी विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या रेम्झी आणि अँड्रिया आर्पाची-दुसो यांचं ओएस्टेप घे. पुस्तक फुकट आहे, सोबत सिम्युलेटरही मिळतो:

```
python3 paging-linear-translate.py -P 2k -a 64k -p 128k -v
```

त्यात `0x80000009` दिसलं की सगळ्यात डावा बिट व्हॅलिडचा आणि बाकी फ्रेम ९. आधी हाताने सोडव, मग शेवटी `-c` लावून उत्तरं ताडून बघ.