रोजच्या दागिन्यांविषयी

दादर, मुंबई

चि. मृणाल,

ऑफिसला रोज घालायला सोन्याचं घ्यावं की इमिटेशन, असं तू विचारलंस. माझ्या मते खरं-खोटं हा प्रश्नच नाही. दागिना अंगाला कुठे आणि किती घासतो, ते पाहा. इमिटेशन म्हणजे बहुधा पितळेवर किंवा तांब्यावर चढवलेलं सोन्याचं पाणी. हा पातळ थर लोकलची गर्दी, घाम, साबण आणि पावसाळ्यातली दमट हवा सोसतो. म्हणून अंगठी आणि बांगडी सगळ्यात आधी काळवंडते, गळ्यातलं त्यामानाने टिकतं. कानातल्याची गोष्ट वेगळी. त्याची दांडी दिवसभर भोकात असते, पाणी उडालं आणि त्याखाली निकेल असेल, तर ते उघडं पडतं आणि काहींच्या कानाला खाज सुटते. मानेवरचा हिरवट डाग तांब्याचा असतो, तो धुऊन जातो. खाज सुटली तर मात्र तो दागिना पुन्हा घालू नकोस. तेव्हा कुड्या सोन्याच्या किंवा ९२५ चांदीच्या घे, आणि हौस गळ्यातल्यावर भागव.

छोट्या मंगळसूत्राचंच बघ. वाट्या सोन्याच्या आणि काळी पोत साधी ठेवली, तर दोरा झिजल्यावर पोत पुन्हा गाठवून घेता येते, वाट्या तशाच राहतात. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून वाट्या हलक्या असल्या तर बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घे. इमिटेशनची चेन घेताना रानडे रोडवर 'एक ग्रॅम गोल्ड' ऐकून भुलू नकोस. त्या नावाने आत एक ग्रॅम सोनं असल्याची हमी मिळत नाही. चेन उलटी करून बघ. मागची बाजू आणि कड्यांचे सांधे पुढच्याच रंगाचे हवेत. कडी नुसती दाबून बंद केलेली असेल तर ती ओढीने उघडते, डाख दिलेली टिकते. खडे चिकटवलेले नकोत, नखीत बसवलेले घे. पुन्हा पाणी चढवून देतात का, तेही आधीच विचार.

सोनं मोडलं तर पैसे परत मिळतात, इमिटेशनचे बुडतात, असं घरातली मंडळी म्हणतील. म्हणणं खरं आहे, पण मोडताना घडणावळ आणि जीएसटी परत येत नाहीत, आणि हलक्या दागिन्यात घडणावळीचा वाटा मोठा असतो. त्यात पोकळ चेन चेपली की ती सरळ करणं अवघड. साठवणीसाठी सोनं जरूर घे, पण ते भरीव असू दे. दुसरा आक्षेप असा की स्वस्तातलं सहा महिन्यांत काळं पडतं. त्यातली काही झीज आपल्याच सवयींमुळे होते. अत्तर, क्रीम आधी लाव, दागिना शेवटी घाल. घरी आल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसून वेगळ्या बंद पिशवीत ठेव. एकच चेन रोज न घालता दोन आलटूनपालटून वापर, म्हणजे प्रत्येकीवर घाम निम्मेच दिवस येईल.

तुझी,
मावशी