पासवर्ड ‘एक्स्पोज’ झाला म्हणजे काय? आणि आधी कोणतं कुलूप बदलायचं?



मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका बाईंनी स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. खाली लिहिलं होतं, "सर, हे काय आलंय? माझा मोबाईल हॅक झाला का?" फोटोत क्रोमची सूचना होती: "A data breach on a site or app exposed your password." मागे यादी दिसत होती. "Compromised passwords" खाली सहा खाती आणि प्रत्येकापुढे बाईंचा पूर्ण ईमेल पत्ता.

मी त्यांना आधी फोन केला आणि म्हटलं, "बाई, पहिल्यांदा तो फोटो ग्रुपवरून डिलीट करा." कोणत्या सहा ठिकाणी खातं आहे, कोणत्या ईमेलने आहे आणि तिथला पासवर्ड फुटलेला आहे, एवढी माहिती त्या एका फोटोत होती. मदत मागायची तर फक्त सूचनेचं वाक्य पाठवावं, यादी कापून टाकावी.

सूचनेचा खरा अर्थ

‘एक्स्पोज’ म्हणजे उघड्यावर पडलेला. कुठल्यातरी वेबसाइटची माहिती कधीतरी चोरीला गेली. त्या चोरीच्या याद्या इंटरनेटवर फिरतात. तुमचा ईमेल आणि पासवर्ड अशी जोडी त्या याद्यांत सापडली, एवढंच गुगलचा पासवर्ड मॅनेजर सांगतो. तुमच्या मोबाईलमध्ये कुणी शिरलं किंवा खात्यात कुणी लॉगिन केलं, असं तो म्हणत नाही. पण किल्लीची नक्कल बाजारात आली आहे, हे मात्र नक्की.

इथे एक गोष्ट बहुतेकांची चुकते. सूचनेत ज्या साइटचं नाव दिसतं, तिथूनच पासवर्ड फुटला असं नसतं. बाईंच्या यादीत सहा नावं होती, म्हणून त्यांना वाटलं सहा ठिकाणी चोरी झाली. प्रत्यक्षात सहाही ठिकाणी ईमेल एक आणि पासवर्डही एकच होता. चोरी एका ठिकाणी झाली तरी त्याच किल्लीची सहाही कुलपं धोक्यात आली. चोर हेच करतात. मिळालेली जोडी घेऊन शेकडो साइटवर लॉगिन होतं का, ते यंत्राने तपासतात.

दुसरं म्हणजे चोरी जुनी असू शकते. लिंक्डइनची माहिती 2012 मध्ये चोरीला गेली, पण त्यातली सुमारे 11 कोटी 70 लाख खात्यांची माहिती विक्रीला आल्याचं 2016 मध्ये समोर आलं. म्हणून ‘मी तर ते ॲप कधीच काढून टाकलं’ असं म्हणून सुटका होत नाही.

बाईंची झालेली चूक

बाई हुशार. त्यांनी मला फोन करण्याआधीच पासवर्ड मॅनेजर उघडला, प्रत्येक खात्यावर ‘एडिट’ केलं आणि नवा पासवर्ड लिहून सेव्ह केला. लाल सूचना गेली. त्या निर्धास्त झाल्या.

पण पासवर्ड मॅनेजर ही आपली वही आहे. वहीत नवा नंबर लिहिला म्हणून दाराचं कुलूप बदलत नाही! त्या त्या साइटवर जुनाच पासवर्ड चालू होता, आणि वहीत मात्र चुकीचा लिहिला गेला होता. खूण सोपी आहे: नवा पासवर्ड आपोआप भरला जातो आणि साइट ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणते. बदल नेहमी साइटवर किंवा ॲपमध्ये जाऊन करायचा. मग मॅनेजर विचारतो, "नवा सेव्ह करू का?" तेव्हा हो म्हणायचं. सूचना ‘डिसमिस’ करणं म्हणजेही फक्त घंटा बंद करणं.

कोणत्या क्रमाने करायचं?

1. सूचना खरी आहे का? एसएमएस किंवा मेलमध्ये आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका. स्वतः क्रोम उघडा, तीन ठिपके, "Settings", "Google Password Manager" आणि तिथे "Checkup". तिथे यादी दिसली तर सूचना खरी. कोणी फोन करून ओटीपी मागत असेल तर तो भामटाच.

2. यादी नीट वाचा. सगळीकडे एकच पासवर्ड असेल तर कारण कळलं. पण प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा असूनही बरेचसे एकदम फुटले असतील, तर तुमच्याच मोबाईल किंवा कॉम्प्युटरमध्ये पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर असण्याची शंका घ्या. अशा वेळी पुढची कामं दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून करा. नाहीतर नवे पासवर्डही तिकडेच जातील.

3. सर्वात आधी ईमेल. बँक आधी, असं आपल्याला वाटतं. पण ‘पासवर्ड विसरलात?’ म्हटलं की बहुतेक खात्यांची बदलण्याची लिंक ईमेलवरच येते. ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात बाकीची खाती. बाईंच्या जीमेलचा पासवर्डही त्या सहांत होता, आणि त्याच मेलमध्ये वर्गातल्या मुलांच्या आधार क्रमांकांची यादी पडून होती. प्रश्न फक्त त्यांच्या एकटीचा नव्हता.

जीमेलचा पासवर्ड बदलल्यावर गुगल खात्याच्या "Security" भागात जा. "Your devices" मध्ये अनोळखी उपकरण दिसलं तर तिथून साइन आउट करा. रिकव्हरीचा मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना, ते पाहा. "2-Step Verification" चालू करा. मग कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये "Forwarding" बघा. चोराने तिथे आपला पत्ता टाकलेला असेल तर पासवर्ड बदलूनही तुमचे मेल त्याला जात राहतात.

4. नंतर पैसे. नेट बँकिंग आणि कार्ड सेव्ह असलेली खरेदीची ॲप. यूपीआय पिन या यादीत नसतो, पण तुम्ही कुठल्या पासवर्डमध्ये तेच आकडे वापरले असतील तर पिनही बदला.

5. मग तोच पासवर्ड असलेली बाकीची खाती. ती "Reused passwords" खाली दिसतात. शाळेचा सामाईक लॉगिन असेल तर आधी मुख्याध्यापकांना सांगा. नाहीतर माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी सगळेच बाहेर अडकतील. नको असलेली जुनी खाती बंदच करा.

6. शेवटी पुन्हा "Checkup" चालवा, आणि बदललेल्या प्रत्येक खात्यात एकदा लॉगिन करून बघा. दोन्ही जमलं तरच काम पूर्ण.

नवा पासवर्ड जुन्याला शेपूट लावलेला नको. शेवटी 2019 होतं तिथे 2025 केलं, तर ही सवय चोरांनाही ठाऊक असते. मॅनेजर सुचवतो तो लांब पासवर्ड घ्या. जीमेलचा तेवढा लक्षात राहायला हवा, तर एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा.

बाईंना हे सगळं करायला मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंतचा वेळ लागला, तोही तास सांभाळून. "Your devices" मध्ये एक कॉम्प्युटर निघाला. तो चोराचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात वापरलेला, लॉगआउट करायचा राहिलेला. तेव्हापासून मुलांची ती यादी तिथे बसणाऱ्या कुणालाही उघडता आली असती.

आज घरी गेल्यावर फक्त तेवढंच करा: "Your devices" उघडा आणि त्यातलं कोणतं उपकरण तुमचं नाही ते मोजा.